नावं, यादी आणि सालं लक्षात ठेवायची कशी? गोव्यातल्या प्रौढ विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

संध्याकाळच्या वर्गाला येणारे बहुतेक जण नोकरी किंवा घर सांभाळून शिकतात. कुणी सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसलेलं असतं, कुणाला निवृत्तीनंतर राहून गेलेली पदवी पूर्ण करायची असते, तर कुणी बचतगटाचं काम नुकतंच हाती घेतलेलं असतं आणि गटातल्या बायकांची नावं गोंधळतात. त्यांच्याकडून सतत येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एकच पद्धत नीट समजावी म्हणून सगळ्यात जास्त जागा तिला दिली आहे.

चाळिशी-पन्नाशीनंतर स्मरणशक्ती वाढवता येते का?

अंगातली ताकद वाढावी तशी स्मरणशक्ती सरसकट वाढते, असं मानायला आधार नाही. वाढतं ते एका विशिष्ट प्रकारची माहिती बांधून ठेवायचं कौशल्य. अमेरिकेत 1980 च्या सुमारास एका विद्यार्थ्यावर झालेला प्रयोग याबाबत फार बोलका आहे. सुरुवातीला त्याला एकदा ऐकलेले सातेक आकडे क्रमाने सांगता येत. दीड-पावणेदोन वर्षांच्या सरावानंतर तो जवळजवळ ऐंशी आकडे सांगू लागला. तो धावपटू होता, म्हणून आकड्यांचे गट करून प्रत्येक गटाला शर्यतीची वेळ समजायचा. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं ऐकवली, तर तो पुन्हा सहाच्या आसपास येऊन थांबला. म्हणजे त्याची स्मरणशक्ती होती तेवढीच राहिली होती, आकडे बांधायची युक्ती तेवढी पक्की झाली होती.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की यादीसाठी एक युक्ती लागते, सालांसाठी दुसरी आणि माणसांच्या नावांसाठी तिसरी. प्रत्येक युक्तीचा सराव वेगळा करावा लागतो. शब्दकोडी सोडवल्याने शब्दकोडी चांगली सुटू लागतात. त्याने शेजाऱ्याचं नाव आठवेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

मग आधी कोणती शिकू?

यादीची. तिची पद्धत सगळ्यात जुनी आहे आणि पहिल्याच संध्याकाळी तिचा परिणाम दिसतो. ओळखीच्या जागेतून मनातल्या मनात चालत जायचं आणि वाटेतल्या एकेका ठिकाणी यादीतली एकेक गोष्ट चित्ररूपात ठेवायची, एवढंच तिचं मूळ आहे. रोमन वक्ता सिसेरोने इसवी सनापूर्वी 55 मध्ये तिचं श्रेय सिमोनिदीस या ग्रीक कवीला दिलं होतं. एका मेजवानीत छत कोसळलं आणि आतली माणसं ओळखू येईनाशी झाली, तेव्हा कोण कुठे बसलं होतं हे आठवून त्याने सगळ्यांची ओळख पटवली, अशी ती कथा आहे. कथा खरी असो-नसो, तिच्यातलं निरीक्षण खरं आहे. जागा माणसाला फारशा कष्टाशिवाय लक्षात राहते. आजोळच्या घरात पाणी पिण्याचा तांब्या कुठे असायचा हे कुणी पाठ केलेलं नसतं, तरी आठवतं.

2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साध्या, अप्रशिक्षित माणसांना ही पद्धत रोज अर्धा तास, असे चाळीस दिवस शिकवली. आधी बहात्तर शब्दांच्या यादीतले सव्वीस ते तीस शब्द त्यांना आठवत. प्रशिक्षणानंतर त्यात सरासरी पस्तीसेक शब्दांची भर पडली. चार महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हाही फरक बराचसा टिकून होता. ही मंडळी तरुण होती. साठीतल्या माणसाची वाढ इतकी मोठी असेलच असं नाही, पण वाढ होते.

जागा कोणत्या निवडायच्या?

स्वतःचं घर, माहेरचं घर किंवा रोज पायी जायचा रस्ता. नवं, सुंदर, एकदाच पाहिलेलं ठिकाण कामाचं नाही. गोव्यातलं जुनं घर या कामाला फार सोयीचं पडतं, कारण त्यात एकमेकांपासून वेगळ्या दिसणाऱ्या जागा ओळीने येतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी इमारतीच्या गेटपासून सुरुवात करावी म्हणजे जागा कमी पडत नाहीत.

जागा ठरवताना तीन पथ्यं पाळावीत. वाट एकाच दिशेने जावी, मागे वळून पुन्हा त्याच खोलीत येऊ नये. दोन जागा दिसायला सारख्या नसाव्यात. चार सारख्या खिडक्या घेतल्या तर कुठल्या खिडकीत काय ठेवलं याचा गोंधळ ठरलेला. आणि प्रत्येक पाचव्या जागेला काही तरी खूण ठेवावी. ही शेवटची सूचना दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन शिक्षकांची आहे. पाचव्या जागेवर सोन्याचा हात आहे अशी कल्पना करा, असं ते सांगत. तिचा फायदा मधूनच एखादी जागा गळली तर कळतो. पाचवी जागा चौथीलाच आली, की काही तरी सुटलं हे लगेच लक्षात येतं.

यादी ठेवण्याआधी रिकाम्या वाटेवरून मनात दोन-तीनदा चालावं, एकदा उलटही. पहिल्या दिवशी लोक हीच पायरी गाळतात. मग यादी आणि वाट दोन्ही एकदम आठवायची वेळ येते आणि दोन्ही निसटतात.

एक यादी प्रत्यक्ष करून दाखवाल का?

गोव्याचे बारा तालुके घेऊ. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्यांना ते लागतातच, आणि जन्मभर गोव्यात राहिलेल्या माणसांनाही एका दमात सांगायला लावलं तर बहुतेक वेळा नऊ-दहावर अडायला होतं. साधारण उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रम असा लावू: पेडणे, बार्देश, डिचोली, सत्तरी, तिसवाडी, फोंडा, मुरगाव, सासष्टी, धारबांदोडा, सांगे, केपे, काणकोण.

आता घर. बारा जागा अशा: पुढचं फाटक, तुळशीवृंदावन, पायऱ्या, बाहेरचा सोपा, उंबरठा, चौक, जेवणाचं टेबल, चूल, न्हाणीघर, विहीर, माड आणि कुंपणाचं मागचं फाटक. तुमच्या घरात चौक नसेल तर जिना घ्या, चुलीच्या जागी गॅस घ्या. जागा तुमच्या असाव्यात, माझ्या नव्हेत.

पुढचं फाटक उघडायला हात लावला तर तो चिकट झाला, कारण कुणी तरी सगळ्या फाटकाला पेढे थापले आहेत. हे पेडणे. तुळशीवृंदावनाच्या चारी बाजूंना बारा वेगवेगळ्या देशांचे झेंडे खोचलेत, वाऱ्याने ते तोंडावर फडफडताहेत. हा बार्देश. पायऱ्यांना कुणी तरी हिरवी चोळी घातली आहे, बटणं ताणली गेली आहेत आणि पाय ठेवताच टचकन तुटतात. ही डिचोली. सोप्यावर सत्तरी उलटलेले आजोबा दोरीवरच्या उड्या मारताहेत, सोपा हादरतो आहे, ही सत्तरी. उंबरठा पाचवी जागा, म्हणून तो सोन्याचा. त्यावर नारळाच्या वड्या रचल्या आहेत, तीस, एकावर एक, डोक्याइतक्या उंच, आणि आत जायचं तर त्या खाऊनच जायला हवं. ही तिसवाडी.

घरात शिरलो. चौकाच्या मधोमध भला मोठा फोंड, म्हणजे खड्डा पडला आहे आणि तुम्ही कडेकडेने जपून जाताहात. हा फोंडा. जेवणाच्या टेबलावर लालभडक तुऱ्याचा मुर्गा ताटातला भात उधळतो आहे, हा मुरगाव. चुलीपुढे सासू बसली आहे आणि फुंकणीने बासरी वाजवते आहे, ही सासष्टी. न्हाणीघराच्या नळाची धार थांबत नाही, म्हणून तुम्ही दारात मातीचा बांध घालताहात आणि पाणी घोट्यापर्यंत चढलं आहे. हा धारबांदोडा. मागे विहिरीत वाकून पाहिलं तर खालून कुणी तरी मोठ्याने गोष्ट सांगतंय, आवाज घुमतोय. विहीर दहावी म्हणून तिचा काठही सोन्याचा. हे सांगे. माडाच्या शेंड्यावर क्रिकेटची भली मोठी कॅप बसवली आहे, हे केपे. आणि मागच्या फाटकाला हत्तीएवढा कान फुटला आहे. तुम्ही जवळ जाताच तो विचारतो, “कोण?” हे काणकोण.

एका चित्राला पाच ते दहा सेकंद पुरतात. घाई केली तर चित्र नुसतं शब्दांत राहतं, डोळ्यांपुढे येत नाही. सगळी वाट संपली की पान झाका, दोन मिनिटं दुसरं काही करा आणि मग फाटकापासून चालत सुटा. तिसऱ्या प्रयत्नापर्यंत यादी बहुधा अख्खी येते. मग मागच्या फाटकातून आत येऊन उलट्या क्रमाने म्हणून पाहा. काणकोण, केपे, सांगे असं सहज म्हणता आलं, तर यादी खरोखर जागांवर बसली असं समजावं. नुसती पोपटपंची केलेली यादी उलटी येत नाही.

चित्र आठवतं, पण शब्द काही येत नाही. असं का होतं?

ही या पद्धतीतली सगळ्यात जास्त होणारी गडबड आहे. वर मुरगावसाठी मुर्गा घेतला. वर्गात एकाने त्याऐवजी मुरलेल्या लोणच्याची बरणी घेतली होती. टेबलावर बरणी त्याला लख्ख दिसायची, पण तोंडून यायचं ‘लोणचं’, आणि लोणच्यावरून कुठलाच तालुका निघत नाही. चित्र पाहिल्यावर जो शब्द आपसूक तोंडात येतो, त्याच शब्दात मूळ नावाचा ठळक तुकडा असायला हवा. चित्र निवडलं की स्वतःला विचारा: हे पाहून मी पहिल्यांदा काय म्हणेन? उत्तर नावापासून लांब असेल तर चित्र बदला.

दुसरी गडबड चित्रं एकमेकांसारखी झाली की होते. आपल्या तालुक्यांच्या नावांत आकडे लपलेले आहेत, बारा, तीस, सत्तर आणि परंपरेने सासष्टीत सहासष्ट. कुणी चारही ठिकाणी आकड्यांच्या पाट्या लावल्या तर दोन दिवसांत त्या आपापसांत बदलतात. म्हणून एकीकडे झेंडे, एकीकडे वड्या, एकीकडे आजोबा आणि सासष्टीला आकडा न घेता सासू.

तिसरी गडबड अशी, की चित्र जागेवर नुसतं ठेवलेलं असतं, तिथे काही करत नसतं. माडाशेजारी कॅप पडली आहे, हे चित्र लवकर पुसलं जातं. कॅप माडाच्या डोक्यावर हवी आणि वाऱ्याने तिच्याबरोबर माडही डोलायला हवा. वस्तू जागेला भिडली पाहिजे.

मला डोळे मिटल्यावर चित्र दिसतच नाही.

काही माणसांना खरोखरच मनात चित्र दिसत नाही आणि तो दोष नाही. अशांनी दिसण्याऐवजी घडण्यावर भर द्यावा. फाटक चिकट लागलं, पायरीवर बटण तुटल्याचा आवाज आला, न्हाणीघरात पाय भिजले. वाट पायांनी चालून, प्रत्येक जागी थांबून आणि नाव मोठ्याने म्हणूनही हेच साधतं.

उजळणी किती वेळा करायची? मी रोज पाच वेळा वाचते.

वाचू नका, आठवा. या दोन्हींत फार मोठं अंतर आहे. 2006 साली अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्या गटाला तो न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री वही चाळणारा माणूस त्या पाच मिनिटांच्या निकालावर भुलतो. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं म्हणजे येतं, असा समज होतो.

तालुक्यांच्या यादीसाठी साधा क्रम असा ठेवावा. पहिल्या संध्याकाळी शिकल्यावर एकदा आणि झोपण्यापूर्वी एकदा. मग दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने, तीन आठवड्यांनी. प्रत्येक वेळी आधी काही न बघता चालायचं, अडलं तर अर्धा मिनिट झटायचं आणि मगच वही उघडायची. हे नेमके दिवस काही शिलालेखात कोरलेले नाहीत. अंतर वाढत गेलं पाहिजे, एवढं महत्त्वाचं. एखाद्या वेळी दोनपेक्षा जास्त जागा रिकाम्या निघाल्या तर पुढचं अंतर कमी करा आणि त्या जागांवरची चित्रं नव्याने रंगवा. तीच फिकट चित्रं दहा वेळा घोकण्यात वेळ जातो.

पणजी-फोंडा बसमध्ये बसल्या बसल्या एक फेरी आरामात होते. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

त्याच घरात उद्या दुसरी यादी ठेवली तर पहिली पुसेल का?

बाजाराची यादी असेल तर पुसली तरी बिघडत नाही. ती एका दिवसापुरतीच असते, आणि तिच्यासाठी एक ठरलेली वाट राखून ठेवावी. कायम ठेवायच्या यादीला मात्र स्वतःची वाट द्या. तालुके घरात ठेवले असतील तर परीक्षेला लागणारी दुसरी यादी देवळाच्या आवारात ठेवा. दीपस्तंभ, तळी, सभामंडप, चौक अशा जागा आपल्या मोठ्या देवळांत ठळक आणि वेगवेगळ्या असतात. एका वाटेवर दोन कायमच्या याद्या टाकल्या की फाटकावर पेढेही दिसतात आणि आणखी काही तरी, आणि कुठलं कशाचं हे कळत नाही.

सालांचं काय? आकड्याचं चित्र कसं करणार?

यासाठी आपल्याच परंपरेत एक सुरेख साधन आहे, कटपयादी, म्हणजे आकड्यांच्या जागी अक्षरं वापरायची पद्धत. दक्षिणेतले ज्योतिषी आणि गणिती शतकानुशतकं ते वापरत आले. कर्नाटक संगीतात मेळकर्त्यांचे, म्हणजे मूळ स्वरमेळांचे क्रमांक आजही असेच नावांत दडलेले आहेत. मायामालवगौळ, म्हणजे आपल्या भैरव थाटाच्या सुरांचा मेळ, पंधरावा. नावातल्या पहिल्या दोन अक्षरांत, ‘मा’ आणि ‘या’ मध्ये, 5 आणि 1 आहेत, आणि ते उलटे वाचायचे.

नियम साधा आहे. क ते झ ला 1 ते 9 आणि ञ ला 0. ट ते ध ला पुन्हा 1 ते 9 आणि न ला 0. प फ ब भ म ला 1 ते 5. य र ल व श ष स ह ला 1 ते 8. काना, मात्रा, वेलांटी मोजायची नाही. परंपरेत आकडे उजवीकडून डावीकडे वाचतात. घरगुती वापरात डावीकडून उजवीकडे वाचलं तरी चालतं, पण एकच दिशा कायम ठेवा.

आता गोव्याची सालं. मुक्ती 1961. शतक आपल्याला माहीत असतं, लक्षात ठेवायचे ते 61. सहाला त, एकला ट. ताट. मुक्तीच्या दिवशी गोडाधोडाने भरलेलं ताट पुढ्यात आलं आहे. जनमत कौल 1967. सहाला त, साताला स. तास. कौल द्यायला लोक तासन्‌तास रांगेत उभे आहेत. राज्याचा दर्जा 1987. आठाला ह, साताला स. हसू. नकाशावरच्या गोव्याच्या तोंडावर हसू फुटलं आहे. पणजी रीतसर राजधानी झाली 1843 मध्ये. चाराला व, तीनला ड. वाडा. मांडवीच्या काठी एक मोठा वाडा रातोरात उभा राहिला. आल्बुकर्कने गोवा जिंकला ते 1510, त्यात पूर्ण चार आकडे ठेवायचे तर पाणी आणि पान. त्याची गलबतं पाण्यावर पानासारखी तरंगत आली.

सुरुवातीला अक्षरं शोधायला वेळ लागतो आणि इथेच बरेच जण कंटाळतात. कोष्टक आठवडाभर खिशात ठेवा आणि बसगाड्यांचे, दुकानांचे क्रमांक शब्दांत बदलत जा. ज्यांना वर्षात दोन-तीनच सालं लागतात त्यांनी हा खटाटोप करू नये, तेवढी सालं उजळणीनेच येतात. ज्यांना इतिहासाची तीस-चाळीस सालं पाठ हवीत त्यांचा हा वेळ वसूल होतो.

माणसांची नावंच का विसरतात? चेहरा तर आठवतो.

कारण नावाला अर्थ चिकटलेला नसतो. मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगातून दाखवलं आहे. अनोळखी चेहरा दाखवून हा सुतार आहे असं सांगितलं तर लोकांना ते आठवतं, आणि याचं आडनाव सुतार आहे असं सांगितलं तर बरेच विसरतात. शब्द तोच. पण व्यवसाय म्हटला की रंधा, भुसा, लाकडाचा वास सगळं डोळ्यांपुढे येतं, आडनाव म्हटलं की काहीच येत नाही. म्हणून करायचं ते एवढंच, की आडनावाला त्याचा अर्थ परत द्यायचा.

गोव्यात ही सोय आयती आहे, कारण आपली कितीतरी आडनावं गावांवरून पडली आहेत. समजा, भजनी मंडळात तीन नव्या बायका आल्या आहेत, मांद्रेकर, बोरकर आणि शिरोडकर. मांद्रेकरबाईंच्या कपाळावर कुरळ्या बटा आहेत, तर त्या बटा मांद्रेच्या किनाऱ्यावरच्या लाटांसारख्या येऊन फुटताहेत असं बघा. बोरकरबाईंचा चष्मा मोठा आहे, तर दोन्ही काचांत बोरीचा पूल आडवा गेला आहे. शिरोडकरबाईंची मान उंच आहे, त्यावर ‘शिर’ ठळक दिसतं, तिथूनच शिरोडा. वैशिष्ट्य चेहऱ्यातलं घ्यावं. साडी, टिकली, केसांतलं फूल घेऊ नये, ते पुढच्या गुरुवारी बदललेलं असतं.

नाईक, गावकर, फर्नांडिस अशा सर्वत्र भेटणाऱ्या आडनावांना हे पुरत नाही. तिथे पहिलं नाव धरा, आणि त्याच नावाची आधीपासून ओळखीची व्यक्ती त्यांच्याशेजारी बसवा. तुमची आत्या शालन असेल तर नव्या शालनताई तिच्याशी गप्पा मारत बसल्या आहेत.

पण चित्राच्याही आधी नाव ऐकलेलं असावं लागतं. ओळख होते तेव्हा आपण काय बोलावं याच विचारात असतो आणि नाव कानांवरून जातं. ऐकू आलं नाही तर तिथेच विचारा, “पुन्हा एकदा सांगा हं, नीट ऐकलं नाही.” मग बोलताना एकदा वापरा, “मांद्रेकरबाई, तुम्ही पेटी वाजवता का?” आणि घरी जाताना मनात आठवा, कोण कोण भेटलं. तीन आठवणी त्याच दिवशी झाल्या पाहिजेत, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर निम्मी नावं गेलेली असतात.

अगदी ऐनवेळी नाव आठवलं नाही तर?

सरळ विचारावं. “तुमचा चेहरा माझ्या ध्यानात आहे, नाव निसटलं,” असं म्हटलं तर कुणी रागावत नाही. लोक रागावतात ते चुकीचं नाव ठोकून दिल्यावर. नाव मिळालं की लगेच चित्र करा. याच क्षणी विसरलं होतं, म्हणून आता ते जास्त घट्ट बसतं.

हे सगळं पाठांतरच ना? त्याने विषय समजतो का?

नाही समजत. तालुके क्रमाने म्हणता आले म्हणून सत्तरीत घाट आणि जंगल का, मुरगावात बंदर का, हे कळत नाही. जिथे कारण आहे, तिथे कारणच शिकावं, कारण कळलं की तपशील त्यावर आपोआप टांगले जातात. चित्रांचा उपयोग अशा गोष्टींसाठी, ज्यांना कारण नसतं किंवा आपल्याला ते कळायचं नसतं. नावं, क्रम, सालं, कुलपाचे आकडे. औषधाची मात्रा आणि वेळ मात्र लक्षात ठेवायची नाही, लिहून भिंतीला लावायची. तिथे एकदा चुकलं तरी परवडत नाही.

विसरणं कधी काळजीचं असतं?

नाव उशिरा आठवणं, चष्मा कुठे ठेवला हे शोधणं, खोलीत येऊन कशाला आलो ते विसरणं हे वयानुसार होतं. झोप कमी असली, मन उदास असलं किंवा नुकतंच नवं औषध सुरू केलं असलं तरी विसरणं वाढतं. थायरॉइड आणि ब जीवनसत्त्वाची कमतरता, विशेषतः बी-12 ची, हीसुद्धा ठाऊक असलेली कारणं आहेत आणि त्यांच्यावर उपचार होतात.

ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा पुन्हा विचारणं, नेहमीचा हिशेब किंवा नेहमीचा स्वयंपाक अचानक न जमणं, आणि हे स्वतःच्या नाही पण घरच्यांच्या लक्षात येणं, असं काही दिसलं तर चित्रं आणि वाटा बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. जाताना केव्हापासून काय होतंय ते तारखांसह लिहून न्या, आणि रोज सोबत राहणारं एक माणूस बरोबर घ्या. डॉक्टर त्यालाच जास्त प्रश्न विचारतील.